माळ्यावरचे गंजलेले पिस्तूल

चकमकीचे पिस्तूल म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून उडालेल्या ठिणगीने पेटणारे, तोंडाकडून ठासून भरायचे एकनळी हत्यार. ही यंत्रणा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तयार झाली. नॉर्मंडीतील लिझ्यू गावचे कारागीर मारँ ल बुर्ज्वा यांना तिचे श्रेय दिले जाते. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे युरोपातील सैन्ये याच यंत्रणेवर लढली. ईस्ट इंडिया कंपनीबरोबर ती मोठ्या संख्येने हिंदुस्थानात आली आणि महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंच्या हातीही चकमकीच्या बंदुका होत्या. त्यामुळे जुन्या वाड्याच्या माळ्यावर असे एखादे हत्यार सापडले, तर त्यात नवल नाही. अवघड असते ते ओळखणे, कारण दीडदोनशे पावसाळे खाल्लेल्या लोखंडावर वाचण्याजोगे फार थोडे उरते.

ओळखण्याची रीत समजायला नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. तालुक्याच्या गावातला एक वाडा पुनर्बांधणीसाठी उतरवला जात होता. माळ्यावर, तुळईच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, कुजलेल्या घोंगडीत गुंडाळलेले एक पिस्तूल मिळाले. मालकांनी ते जिल्ह्याच्या लहानशा संग्रहालयात कळवले. तिथे शस्त्रांचा जाणकार नव्हता. आठवड्यातून दोन दुपारी येणारे एक स्वयंसेवक होते. आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले हे निदेशक. इतिहासाचे शिक्षण नाही. मात्र कानस कशी चालली, स्क्रू हाताने कापला की यंत्रावर, हे धातूकडे पाहून सांगण्याची नजर त्यांना होती. अशा कामात ही नजर बखरी पाठ असण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. मालकांकडे वस्तूबरोबर एक कथाही होती: पूर्वज पानिपतावर गेले होते, हे पिस्तूल त्यांचे.

या कथेकडे वळण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो इतिहासाचा नाही. पिस्तूल भरलेले आहे का? काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती कोरडी राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेटते. अशी हत्यारे भरून ठेवण्याची पद्धत होती, आणि भरलेले हत्यार रिकामे करायचे तर ते उडवणे हाच सोपा मार्ग असल्याने पुष्कळदा ते तसेच राहून जाई. म्हणून घोडा मागे ओढून पाहणे, चाप दाबणे, नळीच्या तोंडाशी डोळा नेणे किंवा गंज सुटावा म्हणून बर्नरने तापवणे, या गोष्टी पहिल्या क्षणापासून वर्ज्य.

तपासणीची युक्ती साधी आहे. नळीच्या मागच्या टोकाशी, बाजूला, एक बारीक भोक असते. त्यातून बाहेरची आग आत जाते. मराठीत याला कान म्हणतात. तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी करण्याची रीत याच कानाशी संबंधित आहे. नळीच्या तोंडापासून कानापर्यंतचे अंतर बाहेरून मोजायचे. मग लाकडाची सरळ काडी हलकेच आत सोडून ती जिथे अडेल तिथे खूण करायची. काडी कानाच्या रेषेपर्यंत पोहोचली तर नळी रिकामी. अलीकडेच अडली तर आत काहीतरी आहे. काडी लाकडाचीच हवी. लोखंडाची सळई आत घालणे म्हणजे ठिणगीला आमंत्रण.

स्वयंसेवकांच्या काडीने बाहेरच्या मापापेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर कमी खोली दाखवली. दारू आणि गोळी मिळून साधारण एवढीच जागा घेतात. त्यांनी पिस्तूल तोंड भिंतीकडे करून ठेवले, खोली बंद केली आणि पोलिसांना कळवले. पोलीस शस्त्रागारातील आर्मररने येऊन नळीत थोडे थोडे पाणी सोडले. भिजलेली काळी दारू पेटत नाही. तासाभराने लाकडी पट्टीने उकरल्यावर आतून तांबूस चिखल आला, त्यात वाळलेल्या कोळ्यांचे पाय. कुंभारमाशीने नळीत घर केले होते. त्यामागे काडी थेट कानापर्यंत गेली. पाणी लगेच टिपून नळी कोरडी करण्यात आली. निष्पत्ती हास्यास्पद वाटली तरी क्रम योग्यच होता, कारण चिखलाच्या मागे गोळी असणे सहज शक्य होते आणि बाहेरून दोन्हींत फरक कळत नाही.

पोलिसांना कळवण्याला कायद्याचेही कारण आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेल्या शस्त्रांना सूट आहे. पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट त्यात आहे. गंजलेले पिस्तूल या अटीत बसते की नाही, हे घरमालकाने स्वतःच ठरवायचे नसते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

नळी रिकामी ठरल्यावर मापे घेतली जातात. गंजलेल्या वस्तूची मापे घेताना एक अडचण असते. लोखंडाचा गंज होताना आकारमान वाढते. म्हणजे पृष्ठभाग फुगलेला असतो आणि त्याखालचे मूळ लोखंड झिजलेले. त्यामुळे एकाच ठिकाणचे एक माप घेऊन भागत नाही. स्वयंसेवकांनी व्हर्नियरने नळीच्या तोंडाचा आतला व्यास निरनिराळ्या दिशांनी घेतला. आकडे १६.६ ते १७.१ मिलिमीटरच्या दरम्यान फिरत राहिले. नळीची लांबी मात्र निःसंदिग्ध निघाली: २२.९ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ९ इंच.

पूर्णांकी इंचात बसणारी लांबी ही इंग्रजी सरकारी मापाची पहिली सूचना. व्यासाचेही तसेच. त्या काळी इंग्रज बंदूककार नळीचे माप एका पौंड शिशाच्या किती गोळ्या होतील यावरून सांगत. सुमारे १६.८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत बरोबर बसेल अशी गोळी पौंडाला १६ भरते. वजन २८ ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात वापरायची गोळी त्याहून लहान, पौंडाला सुमारे २० असे, कारण दोनचार बार झाले की काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि घट्ट बसणारी गोळी आत ठासता येत नाही. हे माप घोडदळाच्या आखूड बंदुकीचे, म्हणजे कार्बाइनचे. त्याच मापाची पिस्तुले केली की एकच गोळी दोन्ही हत्यारांना चाले. ९ इंची नळी आणि कार्बाइनचे माप हा जोड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हलक्या घोडदळाच्या इंग्रजी पिस्तुलांत रूढ होता. कमरपट्ट्यात अडकवायला बाजूला लोखंडी आकडा असता, तर ते आरमाराचे असण्याची शक्यता वाढली असती. इथे आकडा नव्हता आणि तो काढल्याची भोकेही नव्हती.

पण नमुना इंग्रजी म्हणजे वस्तू इंग्रजी, असे होत नाही. शिंद्यांचा सेनापती द बुआन्य याच्या काळात आग्र्याला युरोपीय धर्तीच्या बंदुका घडवल्या जात. नकला इतरत्रही होत. म्हणून मापांनंतर ठशांकडे वळावे लागते, आणि ठसे गंजाखाली असतात.

इथे बहुतेक घरगुती शोधकर्ते मोठे नुकसान करून बसतात. तारेचा ब्रश, सँडपेपर, चिंचेचे पाणी किंवा व्हिनेगर लावून वस्तू लखलखीत केली जाते आणि जे वाचायचे होते तेच पुसले जाते. ठसा उमटवताना पोलादी शिक्क्यावर हातोडा पडतो, तेव्हा धातू खोलवर दाबला जातो. त्यामुळे वरचा थर गंजला तरी खोलगटपणा काही काळ टिकतो. कोरीव रेघ त्यापेक्षा उथळ असते आणि आधी जाते. ब्रशने घासल्यावर खोलगट भागाच्या कडा गोल होतात, आणि मग शिक्का होता की नुसता गंजाचा खड्डा, हे कोणालाच सांगता येत नाही. गंजाचा रंगही पाहावा लागतो. केशरी, भुकटीसारखा सुटणारा गंज चालू असतो. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला थर स्थिरावलेला असतो आणि बरेचदा तो मूळ पृष्ठभागाचा आकार धरून ठेवतो. पहिला मऊ ब्रशने झाडावा, दुसऱ्याला हात लावू नये.

स्वयंसेवकांनी काही घासले नाही. खोली अंधारी करून त्यांनी विजेरी लॉकच्या पट्टीला जवळजवळ समांतर धरली. लॉक म्हणजे घोडा, स्प्रिंग आणि ठिणगीची यंत्रणा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेली असते तो संपूर्ण भाग. तिरप्या उजेडात उंचवट्यांच्या सावल्या लांब पडतात आणि समोरून सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर अक्षरे उठतात. विजेरी चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक दिशेचा फोटो घेतला, कारण एका दिशेने दिसणारी रेघ दुसऱ्या दिशेने नाहीशी होते.

घोड्याच्या पुढे बदामाच्या आकाराची एक आकृती दिसली. आत फुलीच्या दोन तिरप्या रेघा, त्यांनी केलेले चार कप्पे, आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे चिन्ह. कप्प्यांतले एक अक्षर स्पष्ट होते, ई. दुसरे सी असावे असे वाटले. उरलेले दोन कप्पे गंजाने खाल्ले होते. ही आकृती ओळखीची आहे. व्ही, ई, आय, सी ही चार अक्षरे असलेला हा बदाम ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी शिक्का. त्यातली व्ही म्हणजे ‘युनायटेड’ची आद्याक्षर यू, जुन्या रोमन वळणाने लिहिलेली. कंपनीच्या मालाच्या गाठोड्यांवर आणि नाण्यांवरही हा बदाम येई. तो शस्त्रांवर १८०८ च्या सुमारापर्यंत मारला गेला. त्यानंतर त्याची जागा मागच्या पायांवर उभ्या, पुढच्या पंजांत मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. कंपनीच्या हत्याराचा काळ ठरवताना सर्वांत हाताशी असणारी खूण हीच: बदाम असेल तर आधीचे, सिंह असेल तर नंतरचे.

घोड्याच्या मागे पट्टी निमुळती होते. तिथे दोन ओळींचे अवशेष मिळाले. वरच्या ओळीच्या शेवटी एन, ई, टी, टी अशी अक्षरे. त्याआधी काय होते ते गेले. खालच्या ओळीत १, ७ आणि त्यापुढे ९ सारखा वळसा, चौथा आकडा नाही. कंपनी त्या काळात लॉकवर पुरवठादार बंदूककाराचे नाव आणि साल घालून घेई. इंग्लंडच्या सरकारी शस्त्रखात्याने हीच पद्धत १७६४ मध्ये बंद करून नुसता ‘टॉवर’ हा शब्द कोरायला सुरुवात केली होती. म्हणजे नाव आणि साल दोन्ही असणे हे या काळात कंपनीच्या मालाचे लक्षण ठरते. कंपनीला माल देणाऱ्या लंडनच्या बंदूककारांत बार्नेट हे नाव मोठे आहे. उरलेली चार अक्षरे त्याच्याशी जुळतात. पण इंग्रजीत त्याच अक्षरांनी संपणारी आडनावे आणखीही आहेत, म्हणून नोंदीत नाव ‘बहुधा बार्नेट’ असेच जाते. सालाबाबत एवढेच म्हणता येते की ते १७९० ते १७९९ यांतले आहे. चौथा आकडा अंदाजाने भरण्याचा मोह मोठा असतो. एकदा कार्डावर १७९५ लिहिले गेले की पुढचे सगळे लेख तेच उतरवतात.

यानंतर नळीच्या मागच्या टोकाची डावी बाजू पाहिली गेली. इंग्लंडमध्ये नळी विकण्याआधी तिची परीक्षा होई. नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून बार काढायचा; नळी फुटली नाही तर तिच्यावर शिक्का. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ ची सनद आहे आणि त्यांचे दोन शिक्के नळीवर पडत: मुकुटाखाली जी आणि पी गुंफलेली अक्षरे, आणि मुकुटाखाली व्ही. पहिला परीक्षेचा, दुसरा पाहणीचा. सरकारी हत्यारांवर त्याऐवजी मुकुट आणि दोन आडवे राजदंड येत. बर्मिंगहॅमचे कायद्याने स्थापलेले परीक्षागृह १८१३ चे, त्याचे शिक्के वेगळे. इथे तिरप्या उजेडात दोन लंबगोल खळगे आले. एकात व्ही नीट वाचता आले, दुसऱ्यात फक्त मुकुटाची टोके. दोन्ही लंडन संघाच्या आकारात बसतात. कंपनी सरकार नव्हती, त्यामुळे तिच्या नळ्यांवर सरकारी राजदंड नसून लंडनच्या संघाचे शिक्के असणे अपेक्षितच आहे.

आतापर्यंतचा पुरावा एका दिशेला जातो. म्हणूनच या टप्प्यावर खोटेपणाची शंका घ्यायची असते. जुन्या पिस्तुलांच्या नकला दोन प्रकारच्या आढळतात. एक शोभेच्या, भिंतीवर टांगायच्या, विसाव्या शतकातल्या. त्या बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या, म्हणून लोहचुंबक चिकटत नाही. साच्याची शिवण दिसते, नळीला कान पाडलेलाच नसतो आणि स्क्रू यंत्रावरचे असतात. दुसऱ्या नकला खऱ्या लोखंडाच्या, वायव्य सरहद्दीच्या बाजारात हाताने घडवलेल्या. त्या उडतातही. त्यांत चूक सापडते ती शिक्क्यांत: इंग्रजी न येणाऱ्या कारागिराने अक्षर उलटे कोरलेले असते, किंवा सिंहाच्या शेजारी १७८० सारखे साल असते. खऱ्या शस्त्रात हे दोन कधी एकत्र येत नाहीत.

लोहचुंबक चिकटला, कान होता, साल आणि बदाम एकमेकांशी जुळत होते. तरी स्वयंसेवकांना लॉकची आतली बाजू पाहायची होती. लॉक दोन आडव्या स्क्रूंनी दस्त्याला धरलेले असते. ते गंजून बसले असताना जोर लावला तर स्क्रूचे डोके तुटते किंवा दस्ता चिरतो. धातुसंवर्धकाने स्क्रूंच्या मुळाशी बारीक तेल मुरवत ठेवले आणि काही दिवसांनी, खाचेत चपखल बसेल असा स्क्रूड्रायव्हर खास घासून, ते सोडवले. स्क्रूंच्या डोक्यावरची खाच मध्यापासून जरा सरकलेली होती आणि आटे एकसारखे नव्हते. हाताने कापलेल्या स्क्रूचे हे लक्षण. फिटरच्या नजरेला ते भिंगाशिवाय कळले.

आतल्या बाजूला गंज कमी होता. लाकडाला चिकटून असलेला भाग बाहेरच्या हवेपासून वाचतो, त्यामुळे गंजलेल्या पिस्तुलाची उत्तम माहिती बहुधा आतच असते. तिथे प्रत्येक तुकड्याच्या कडेला कानशीने मारलेल्या तीन बारीक खाचा होत्या. स्प्रिंगवर तीन, घोड्याच्या आसाला धरणाऱ्या गोल तुकड्यावर तीन, चापाच्या अडकणीवर तीन, पट्टीच्या काठावरही तीन. त्या काळी सुटे भाग एकमेकांत बदलता येत नसत. प्रत्येक लॉकचे भाग एकमेकांना घासून बसवले जात आणि पुढे पोलादाला पाणी द्यायला भट्टीत एकत्र गेल्यावर ते मिसळू नयेत म्हणून कारागीर अशा खाचा मारी. त्या जुळल्या म्हणजे हे भाग जन्मापासून सोबत आहेत.

घोड्यावर मात्र खाच नव्हती. बारकाईने पाहिल्यावर तो इतर भागांच्या घडणीचा नाही हे दिसले: मान जाड, कडा ओबडधोबड, आणि आसावर बसणारे चौकोनी भोक किंचित सैल, त्यात पितळी पत्र्याची पाचर. मूळ घोडा तुटला होता आणि कोणीतरी नवा घडवून बसवला होता. घोडा हा चकमकीच्या पिस्तुलातला सर्वाधिक मार खाणारा भाग. त्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी असते. चाप दाबला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी झाकणाला खरवडते, झाकण मागे उलटते आणि उघड्या पडलेल्या वाटीतल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकावर, ठिणग्या पडतात. रंजकाचा भडका कानातून आत जातो आणि मुख्य दारू पेटते. हा धक्का शेकडो वेळा बसल्यावर घोड्याची मान तडकते.

नव्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा अजून होता. इंग्लंडमधून येणारी चकमक सफोकमधल्या ब्रँडनच्या खडूच्या थरांतली, काळी आणि एकजीव असते. हा तुकडा फिका, दुधी, कडेला जरा पारदर्शक होता. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत मिळतात तशा गारेचा. म्हणजे विलायती चकमकीचा साठा संपल्यावरही हे हत्यार वापरात होते, आणि ते याच मुलखात होते. दस्त्यानेही तीच साक्ष दिली. मूळ लाकूड अक्रोडाचे, इंग्रजी सैनिकी शस्त्रांचे नेहमीचे; मुठीजवळ मात्र तडा जाऊन शिसवाचा तुकडा जोडलेला आणि वर पितळी पट्टी ठोकलेली. गज हरवला होता. पण ज्यावर स्वयंसेवक सर्वांत जास्त वेळ थांबले ती खूण चापाच्या पितळी कमानीवर होती. पितळ गंजत नाही, नुसते काळवंडते. ओल्या कापसाने मळ टिपल्यावर तिथे टोच्याने ठोकलेल्या बारीक टिंबांनी लिहिलेला आकडा उमटला: २७, देवनागरीत.

टिंबांनी शस्त्रांवर आकडे आणि नोंदी टोचण्याची रीत हिंदुस्थानी शिलेखान्यांत होती. बिकानेरच्या शस्त्रांवरच्या अशा नोंदी संग्राहकांना चांगल्या परिचयाच्या आहेत. वाड्यातल्या पिस्तुलावर फक्त आकडा आहे, संस्थानाचे वा सरदाराचे नाव नाही. त्यातून एवढे कळते की ते कंपनीकडून निघून अशा कोणाच्या ताब्यात गेले, ज्याच्याकडे मोजून ठेवण्याइतकी शस्त्रे होती आणि नोंद मराठी किंवा हिंदी लिहिणाऱ्याने ठेवली. लढाईत हाती आले, विकत घेतले, भेट मिळाले की पगाराऐवजी कोणी आणले, हे आकडा सांगत नाही.

वापर कधी थांबला हेही असेच अर्धवट कळते. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मगुरूने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि १८४० च्या आसपास इंग्रज सैन्याने चकमक सोडून टोपीच्या बंदुका घेतल्या. अनेक जुनी हत्यारे तेव्हा बदलून घेण्यात आली. त्यांच्यावर वाटी काढल्याची बुजवलेली भोके आणि कानाच्या जागी टोपी बसवायची बोंडी दिसते. या पिस्तुलावर असे काही नाही. इंग्लंडमध्ये सापडलेल्या हत्याराबाबत यावरून ते १८४० पूर्वीच अडगळीत गेले असे म्हणता आले असते. हिंदुस्थानात तसे म्हणता येत नाही. इथे तोड्याच्या बंदुकाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वापरात होत्या. माळ्यावर लपवण्याला १८५७ नंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीम आणि पुढे १८७८ चा शस्त्र कायदा ही संभाव्य कारणे आहेत. तुळईमागची जागा लपवण्याचीच होती, ठेवण्याची नव्हे, एवढे त्या बाजूने बोलते. पुरावा म्हणून ते अपुरे आहे.

पानिपताची कथा मात्र निकालात निघाली. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. पिस्तुलाचे लॉक त्यानंतर किमान २९ वर्षांनी घडलेले. लॉक आणि नळी वेगवेगळ्या हत्यारांची असती तर नळी जुनी असण्याला वाव राहिला असता, पण दस्त्यातला लॉकचा आणि नळीचा कोरलेला खाचा दोन्हींना अचूक बसत होता आणि तिथे पुन्हा कोरल्याच्या खुणा नव्हत्या. मालकांना हे सांगताना स्वयंसेवकांनी एक फरक स्पष्ट केला: पूर्वज पानिपतावर गेले नव्हते असे यातून सिद्ध होत नाही. ते पिस्तूल त्यांच्या कमरेला नव्हते, इतकेच. घराण्यात एक वस्तू आणि एक आठवण वेगवेगळ्या काळी आलेल्या असतात आणि दोनतीन पिढ्यांत त्या एकमेकींना चिकटतात. संग्रहालयात येणाऱ्या बहुतेक कथांचे असेच झालेले असते.

नोंदीच्या कार्डावर शेवटी असे गेले: घोडदळी नमुन्याचे चकमकीचे पिस्तूल, ईस्ट इंडिया कंपनीचे, लॉकवर बदामी शिक्का, पुरवठादार बहुधा बार्नेट, साल १७९०–१७९९, नळीवर लंडनच्या परीक्षेचे दोन शिक्के, एक अस्पष्ट, नळी ९ इंच, व्यास सुमारे १६.८ मिलिमीटर; घोडा, गारगोटी आणि मुठीची दुरुस्ती स्थानिक, काळ अनिश्चित; चापाच्या कमानीवर टिंबांनी २७; गज नाही. कौटुंबिक माहिती वेगळ्या रकान्यात, मालकांच्या शब्दांत, जशीच्या तशी. तिरप्या उजेडातले सगळे फोटो कार्डाला जोडले, म्हणजे उद्या एखाद्याला तो चौथा आकडा वाचता आला तर त्याला पुन्हा पिस्तूल हाताळावे लागू नये.

संवर्धकाने सुटणारा केशरी गंज मऊ ब्रशने झाडून लोखंडाला सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात दिला; काळपट थर तसाच राहू दिला. साठवणीत अडचण अशी की लोखंडाला हवा शक्य तितकी कोरडी लागते आणि अक्रोडाचा दस्ता फार कोरड्या हवेत आक्रसून तडकतो. तडजोड म्हणून बंद पेटीत सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास राखली जाते. पावसाळ्यात दर आठवड्याला पेटीतला दर्शक पाहून जेल बदलावे लागते, आणि पेटीच्या तळाच्या पांढऱ्या कागदावर केशरी भुकटी दिसली तर गंज पुन्हा चालू झाला असे समजून संवर्धकाला कळवायचे असते.